शेजारच्या पत्त्याचे बळ

पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची जी युरोपीय रीत आहे, तिच्यासाठी टॅरो नावाचा अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा जोड वापरतात. आता हा जोड आपल्याकडील लहानमोठ्या शहरांतूनही सहज मिळतो. त्याच्याबरोबर एक चिमुकली पुस्तिका येते आणि तीत प्रत्येक पत्त्याचा अर्थ दोनचार ओळींत दिलेला असतो. हौशी माणूस तीन पत्ते मांडतो, पुस्तिकेतून तीन अर्थ काढतो, ते एकापुढे एक ठेवतो आणि वाचन झाले असे समजतो. परंतु तीन शब्द शेजारी ठेवले म्हणजे वाक्य होत नाही. कोणता शब्द कर्ता, कोणता विशेषण, कोणाचे वजन किती, हे ठरवणारे काही तरी व्याकरण लागते. पत्त्यांच्या बाबतीत असे एक व्याकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रचले गेले. पत्त्याचे बळ त्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्त्यांच्या रंगांवरून ठरवावे, असा त्याचा गाभा आहे. ज्योतिषातला शब्द वापरायचा तर याला पत्त्यांचे बलाबल म्हणता येईल. आज त्याच बलाबलाची रीत पाहावयाची आहे.

प्रथम पत्त्यांची थोडी ओळख करून घेऊ. अठ्ठ्याहत्तरांपैकी छप्पन्न पत्ते चार रंगांत वाटलेले असतात. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा आणि राजा, राणी, स्वार व सेवक हे चार, असे चौदा पत्ते. उरलेले बावीस पत्ते चित्रांचे. त्यांना रंग नसतो. रंगांची नावे दंड, चषक, खड्ग आणि मुद्रा अशी मराठीत घेता येतील. हा जोड पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाला तो निव्वळ खेळण्यासाठी. चार रंग त्याहून जुने आहेत; ते इजिप्तच्या मामलूक राजवटीतील पत्त्यांवरून युरोपात गेले. त्या पत्त्यांवर दंडाच्या जागी चौगान खेळण्याची काठी होती. युरोपीयांना तो खेळ परिचयाचा नव्हता, म्हणून काठीचा साधा सोटा झाला. सावंतवाडीची गंजिफा ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे नाते फार दूरचे वाटणार नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि एकशेवीस पत्ते असतात. तिच्या आधीच्या मोगल गंजिफेत आठ रंग होते आणि त्यांत शमशेर, म्हणजे तलवार, हा एक रंग होताच.

या खेळाच्या पत्त्यांना गूढ अर्थ चिकटले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. पुढे 1888 साली लंडनमध्ये गोल्डन डॉन नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. तिच्या सभासदांसाठी मॅदर्स या संस्थापकाने पत्त्यांवर एक टिपण सिद्ध केले. शेजारच्या पत्त्यांचा नियम त्या टिपणात आहे. मंडळीचे कागद गुप्त असल्यामुळे तो पुष्कळ वर्षे मोजक्या लोकांपुरता राहिला. 1937 ते 1940 या काळात इस्राएल रेगार्डी यांनी ते कागद चार खंडांत छापले आणि तेव्हापासून तो सर्वांना उपलब्ध झाला. आज सर्वत्र दिसणारा जो जोड आहे, तो वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढला आणि 1909 साली प्रसिद्ध झाला. ही दोघेही त्याच मंडळीत होती. परंतु वेट यांनी आपल्या पुस्तकात हा नियम दिला नाही. त्याऐवजी उलट्या पडलेल्या पत्त्याचा वेगळा अर्थ दिला. म्हणून चित्रे घरोघर गेली आणि व्याकरण मागे राहिले. मूळ टिपणाप्रमाणे पत्ता सुलटा पडो की उलटा पडो, त्याचा अर्थ एकच. फरक पडतो तो शेजाऱ्यांमुळे.

आता नियमाच्या मुळाशी जाऊ. चार रंगांना चार तत्त्वे वाटून दिलेली आहेत. दंड म्हणजे अग्नी, चषक म्हणजे जल, खड्ग म्हणजे वायू आणि मुद्रा म्हणजे पृथ्वी. दंडाच्या रंगात उद्योग, ईर्षा, झुंज. चषकात माया, सुख, भावना. खड्गात विचार, वाद, क्लेश. मुद्रेत पैसा, घरदार, कामधंदा, अशी सर्वसाधारण वाटणी आहे. टिपणात पुढे म्हटले आहे की दंड आणि चषक हे परस्परांचे शत्रू, खड्ग आणि मुद्रा हे परस्परांचे शत्रू. बाकीच्या सर्व जोड्या मित्र. पुष्कळ लोक हे कोष्टक पाठ करतात आणि दोन महिन्यांनी विसरतात. वास्तविक ते पाठ करण्याची गरज नाही, कारण ते एका जुन्या आणि सोप्या विचारातून आपोआप निघते.

तो विचार ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा. त्याच्या मते प्रत्येक तत्त्वाच्या अंगी दोन गुण असतात. एक गुण उष्ण किंवा शीत यांपैकी, दुसरा शुष्क किंवा आर्द्र यांपैकी. अग्नी उष्ण आणि शुष्क. वायू उष्ण आणि आर्द्र. जल शीत आणि आर्द्र. पृथ्वी शीत आणि शुष्क. आता कोणतीही दोन तत्त्वे शेजारी ठेवा आणि त्यांच्यात एखादा गुण समान आहे काय ते पाहा. अग्नी आणि वायू यांच्यात उष्णता समान; ते मित्र. जल आणि पृथ्वी यांच्यात शीतलता समान, तेही मित्र. वायू आणि जल यांच्यात आर्द्रता समान, अग्नी आणि पृथ्वी यांच्यात शुष्कता समान. म्हणून याही जोड्या मित्रांच्या. परंतु अग्नी आणि जल यांच्यात एकही गुण समान नाही. एक उष्ण-शुष्क, दुसरे शीत-आर्द्र. वायू आणि पृथ्वी यांचेही तेच. म्हणून सहा जोड्यांपैकी चार मित्रांच्या आणि दोन शत्रूंच्या. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे कोष्टक कधीही नव्याने मांडता येते.

येथे आपल्या वाचकाने एका ठिकाणी विशेष सावध राहिले पाहिजे. अग्नी, जल, वायू, पृथ्वी ही नावे आपल्या घरची असल्यामुळे त्यांचे गुणही आपण घरचेच धरतो. रायपूरच्या गोल बाजारात एखाद्या काष्ठौषधींच्या जुन्या दुकानदाराला वायू कसा असतो म्हणून विचारा. तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल की वायू कोरडा आणि थंड. म्हणून तर वाताच्या विकारावर तेल चोळायचे आणि ऊबदार पदार्थ खायचे. आयुर्वेदातील वात रूक्ष आणि शीतच आहे. वैशेषिक दर्शनात तर वायूचा स्पर्श उष्णही नाही आणि शीतही नाही, असे मानले आहे. ॲरिस्टॉटलचा वायू मात्र वाफेसारखा आहे. ऊन आणि ओलसर. जो आपल्या वायूचे गुण या कोष्टकात घालील, त्याचे कोष्टक पार बिघडेल. कोरडा-थंड वायू पृथ्वीचा मित्र, किंबहुना जुळा भाऊ होऊन बसेल, आणि खड्ग व मुद्रा यांचे जे मूळ वैर ते नाहीसे होईल. म्हणून ही नावे आपली असली तरी येथे त्यांचे अर्थ ग्रीकांचे आहेत, हे विसरता कामा नये. आपल्या पंचमहाभूतांतील पाचवे जे आकाश, त्यालाही या चार रंगांत जागा नाही.

मैत्री आणि वैर ठरले. आता त्यांचा उपयोग कसा करायचा ते पाहू. ही रीत तीन पत्त्यांच्या रांगेत सर्वांत स्वच्छ दिसते. मधला पत्ता मुख्य. तोच प्रश्नाचे उत्तर. बाजूचे दोन त्याचे शेजारी. दोन्ही शेजारी मधल्याच्याच रंगाचे असतील तर मधला पत्ता अतिशय बलवान होतो. शेजारी मित्ररंगाचे असतील तर त्याला बेताचा आधार मिळतो. शेजारी शत्रुरंगाचे असतील तर तो अतिशय दुर्बळ होतो. आणि चौथी एक स्थिती आहे, ती मोठी मार्मिक आहे: दोन शेजारी एकमेकांचेच शत्रू असतील तर त्यांचे बळ आपसांत खर्ची पडते आणि मधल्या पत्त्यावर फारसा परिणाम होत नाही. दोन सासुरवाड्या आपसांत भांडू लागल्या की सून थोडी मोकळी होते, तसलाच हा प्रकार.

मित्रांमध्येही काही जण अधिकउणे करतात. ॲरिस्टॉटलने उष्ण आणि शीत हे कर्तृत्वाचे गुण मानले, आर्द्र आणि शुष्क हे ग्रहण करणारे मानले. त्यावरून उष्णतेने किंवा शीतलतेने जुळलेली मैत्री घट्ट आणि आर्द्रतेने किंवा शुष्कतेने जुळलेली मैत्री सैल, असे नंतरचे काही जाणकार धरतात. मूळ टिपणात मात्र सर्व मित्र एकाच पंक्तीला बसवले आहेत.

या सर्व नियमांत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक वेळा चुकणारी आहे. शेजारी पत्त्याचे बळ बदलतो. पत्त्याचा स्वभाव बदलत नाही. वाईट पत्त्याला बळ मिळाले तर वाईट वाढते. चांगल्या पत्त्याचे बळ गेले तर चांगले घटते. म्हणून शत्रू शेजारी म्हणजे अशुभ आणि मित्र शेजारी म्हणजे शुभ, हे समीकरण सर्वस्वी खोटे आहे. आपल्याच बाजाराचे उदाहरण घ्या. भांड्यांच्या दुकानाला लागून भांड्यांचीच चार दुकाने असली की त्या गल्लीची ख्याती होते आणि लग्नसराईत गिऱ्हाईक थेट तेथेच येते. समान शेजाराने बळ वाढले. परंतु त्या गल्लीत खोटे वजन चालत असेल तर त्याचीही ख्याती तितक्याच वेगाने होते. बळ वाढवणाऱ्याला चांगल्यावाइटाशी कर्तव्य नसते.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. ते माझ्या माहितीतील आहे. छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे वसलेली आहेत. अशाच एका कुटुंबाचे गोल बाजारात भांड्यांचे दुकान आहे. दोघे भाऊ ते एकत्र चालवीत. धाकट्याने वेगळे व्हावे की नाही, असा प्रश्न निघाला होता. कोणी भांडत नव्हते, पण जेवताना कोणी बोलतही नव्हते. थोरल्याच्या मुलीने, जी महाविद्यालयात शिकते, एके रात्री टॅरोचे तीन पत्ते मांडले. मधोमध खड्गाची तिर्री निघाली. स्मिथबाईंनी या पत्त्यावर पावसाळी आभाळाखाली एक हृदय काढले आहे आणि त्यात तीन तलवारी आरपार घुसलेल्या दाखवल्या आहेत. नेमके ते चित्र आजीच्या दृष्टीस पडले. वाटणी झाली तर घरात काही तरी अमंगळ होणार, असे तिने मनाशी धरले आणि अन्नावरची तिची वासना उडाली. मला या विषयाचे थोडे वाचन आहे हे ठाऊक असल्याने ती मुलगी माझ्याकडे आली.

मी विचारले, ‘‘डावीउजवीकडे काय होते?’’

ती म्हणाली, ‘‘ते कोण बघतो काका? मधलाच एवढा भयंकर होता!’’

तिने भ्रमणध्वनीवर पत्त्यांचे छायाचित्र काढून ठेवले होते, हे चांगले झाले. डावीकडे मुद्रांचा दश्शा होता आणि उजवीकडे चषकांची दुर्री. गोल्डन डॉनच्या टिपणात प्रत्येक पत्त्याला एक पदवी आहे. त्या पदव्यांप्रमाणे खड्गाची तिर्री म्हणजे दुःख, मुद्रांचा दश्शा म्हणजे संपत्ती आणि चषकांची दुर्री म्हणजे प्रेम. पुस्तिकेच्या रीतीने वाचले तर संपत्ती, दुःख, प्रेम असे तीन सुटे शब्द हाती येतात आणि ज्याला जे भय असेल तो त्यातला तो शब्द उचलतो. आजीने दुःख उचलले.

आता बलाबल पाहा. मधला पत्ता खड्गाचा, म्हणजे वायू. उष्ण आणि आर्द्र. डावा मुद्रेचा, म्हणजे पृथ्वी. शीत आणि शुष्क. समान गुण एकही नाही. म्हणून डावा शेजारी मधल्याचा शत्रू आणि तो त्याला जोराने खाली ओढतो. उजवा चषकाचा, म्हणजे जल; शीत आणि आर्द्र. आर्द्रता समान, म्हणून तो मित्र. पण ही मैत्री बेताची. मग एक प्रश्न विसरता कामा नये: हे दोन शेजारी एकमेकांचे कोण? पृथ्वी आणि जल यांच्यात शीतलता समान आहे. ते मित्र आहेत. म्हणजे ते एकमेकांना छेद देत नाहीत आणि डाव्या पत्त्याचा दाब मधल्यावर पूर्णपणे पडतो. तात्पर्य, दुःख आहे, पण ते फार दुर्बळ झालेले आहे. त्याला थोडा आधार आहे तो प्रेमाच्या बाजूने. ज्यांच्यात माया आहे त्यांनी वेगळे होताना जे वाटायचे ते हे दुःख. मायाच नसती तर तेवढेही वाटले नसते.

एवढ्यावर थांबलो असतो तर वाचन गोड झाले असते, पण अपुरे राहिले असते. वैर दोन्ही बाजूंनी असते. मुद्रा खड्गाला दुर्बळ करते तसे खड्गही मुद्रेला दुर्बळ करते. डाव्या टोकाच्या दश्शाला शेजारी एकच आणि तो शत्रू. म्हणजे घराची संपत्तीही काहीशी क्षीण झालेली आहे. दुःख हलके होते, परंतु वाटणीत पैशाला तोशीस लागते, असा पुरा अर्थ निघतो. उजव्या टोकाच्या प्रेमाला मात्र शेजारी मित्र आहे, ते टिकते. मुलीने हे सर्व कागदावर उतरून घेतले आणि आजीला वाचून दाखवले. आजीने विचारले, ‘‘म्हणजे कोणाच्या जिवाला काही नाही ना?’’ तेवढेच तिला हवे होते. भावांनी निर्णय घेतला तो पत्त्यांवरून नव्हे. खतावण्या उघडून, देणी-घेणी मांडून, वकिलाच्या सल्ल्याने घेतला आणि तेच योग्य होते. परंतु तो घेताना आजी जेवत होती, ही गोष्ट लहान नाही.

याच खड्गाच्या तिर्रीचे शेजारी बदलून पाहिले म्हणजे नियमाची सर्व अंगे दिसतात. डावीकडे खड्गाची नव्वी आणि उजवीकडे खड्गाची पंजी आली असती, तर तिन्ही पत्ते वायूचे झाले असते. नव्वीची पदवी निराशा आणि क्रौर्य, पंजीची पराभव. दुःख अत्यंत बलवान झाले असते आणि वाचकाला मृदू अर्थ काढायला जागाच उरली नसती. याउलट दोन्ही बाजूंना मुद्राच आल्या असत्या, तर दुःख इतके क्षीण झाले असते की त्याला रुखरुखच म्हणावे. डावीकडे दंडांची पंजी, म्हणजे कलह, आणि उजवीकडे चषकांची दुर्री आली असती, तर अग्नी आणि जल आपसांत झगडले असते. कलह आणि प्रेम यांनी एकमेकांना गुंतवून ठेवले असते आणि मधले दुःख जेवढ्यास तेवढे राहिले असते; वाढले नसते, घटलेही नसते.

आता चांगला पत्ता मध्ये घेऊ, म्हणजे उलट बाजू समजेल. चषकांची दुर्री मध्ये आणि दोन्ही बाजूंना दंडांचे पत्ते. त्यातला एक दंडांचा छक्का, ज्याची पदवी विजय. सुटे सुटे वाचणारा म्हणेल, प्रेम आहे, विजय आहे, आणखी काय पाहिजे? परंतु अग्नी दोन्हीकडून जलाला आटवीत आहे. प्रेम दुर्बळ झाले. ज्या घरात प्रत्येकाला जिंकायचे आहे त्या घरातली माया कशी होते, ते ज्याचे त्याने पाहावे. शेजारचा पत्ता चांगला असूनही मधल्याचे बळ गेले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या ज्योतिषात ग्रहांची नैसर्गिक मैत्री सांगितलेली आहे, तिच्याशी या रीतीची तुलना करण्याचा मोह होतो. राशींचे अग्नी, पृथ्वी, वायू, जल हे वर्गही दोन्हीकडे सारखेच आहेत. परंतु एक भेद आहे. ग्रहांची मैत्री एकतर्फी असू शकते. चंद्र कोणालाही शत्रू मानत नाही, बुध मात्र चंद्राला शत्रू मानतो. पत्त्यांत असे कधी होत नाही, कारण समान गुण असणे किंवा नसणे ही गोष्ट दोन्ही बाजूंनी एकच आहे. म्हणून ग्रहमैत्रीचे कोष्टक पाठ करावे लागते. पत्त्यांचे मांडून काढता येते. या सोपेपणात बळ आहे तशी मर्यादाही आहे. चार तत्त्वांनी मनुष्यस्वभावाचे जेवढे भेद दाखवता येतील, तेवढेच येथे दिसतात.

या रीतीच्या आणखी काही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की रंगांना तत्त्वे कोणती द्यायची याविषयी सर्वांचे एकमत नाही. काही जण दंडाला वायू आणि खड्गाला अग्नी देतात. तसे केले की वैराच्या जोड्या बदलतात. चषकांचा शत्रू खड्ग होतो आणि मुद्रेचा शत्रू दंड होतो. आपल्या उदाहरणात डावा शेजारी शत्रूऐवजी मित्र ठरेल, उजवा शत्रू ठरेल आणि सबंध अर्थ फिरेल. म्हणून पत्ते हाती घेण्यापूर्वी एक वाटणी ठरवावी आणि मग शेवटपर्यंत तीच पाळावी. निकाल आवडला नाही म्हणून मध्येच दुसऱ्या वाटणीकडे जाणे, म्हणजे खटला चालू असता कायदा बदलणे होय.

दुसरी मर्यादा चित्रांच्या बावीस पत्त्यांची. त्यांना रंग नाही, म्हणून तत्त्व शोधावे लागते. गोल्डन डॉनने त्यांतील बारा पत्ते राशींना दिले आणि राशीवरून तत्त्व लगेच कळते. मृत्यू नावाच्या पत्त्याला वृश्चिक रास दिली आहे, म्हणून तो जलाचा. न्यायाला तूळ, म्हणून तो वायूचा. तीन पत्ते सरळ तत्त्वांचेच आहेत. पण उरलेले सात ग्रहांचे आहेत आणि ग्रहाचे तत्त्व कोणते, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. असा पत्ता शेजारी आला तर बळाचा निर्णय सैल ठेवणे बरे.

तिसरी मर्यादा मांडणीची. दहा पत्त्यांचा क्रूस मांडतात तेव्हा कोण कोणाचा शेजारी हेच नीट ठरत नाही. वरचा, खालचा, आडवा, सगळेच जवळ. तेथे हा नियम ओढूनताणून लावला की पाहिजे तो अर्थ काढता येतो. एखाद्या रीतीने पाहिजे ते निघू लागले म्हणजे ती रीत तेथे लागू नाही, असे खुशाल समजावे. ती सरळ रांगेसाठी आहे. रांगेतच तिचा उपयोग करावा.

आणि शेवटची मर्यादा सर्वांत मोठी आहे. पुढे काय होणार हे पत्त्यांना कळते, याला आधार नाही. पिसलेल्या जोडातून कोणते तीन पत्ते निघतील ते योगायोगाचे काम आहे. गोल बाजारातील त्या घराची वाटणी कशी होईल हे खतावणीत होते, भावांच्या मनात होते; मुद्रांच्या दश्शात नव्हते. तरीही जे पत्ते वाचतातच, त्यांनी ते अर्धवट वाचू नयेत. एकटा भयंकर पत्ता पाहून म्हातारे माणूस अन्न सोडते, तेव्हा तेथे भय निर्माण करणारी गोष्ट पत्ता नसते, अपुरे वाचन असते. मधले चित्र पाहिल्यावर डावीकडे पाहावे, उजवीकडे पाहावे, दोघांचे आपसांत कसे आहे ते पाहावे आणि मग बोलावे. चार तत्त्वांचे ते जुने कोष्टक एवढीच शिस्त लावते, आणि आजीच्या बाबतीत तेवढी पुरेशी ठरली.